कपाटातला धूर

नवऱ्याने सिगारेट सोडून दोन वर्षं झाली होती. तरी भाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून तिला त्याच्या शर्टांना धुराचा वास येऊ लागला. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, घरात दुसरं कोणी ओढणारं नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली. तो अंघोळीला गेला की ती शर्टांचे खिसे चाचपायची. हाती काहीच लागत नव्हतं, तरी संशय जाईना.

शेवटी तिने आपला धुतलेला स्वेटर फ्लॅटबरोबरच मिळालेल्या त्याच्या लाकडी कपाटात दोन दिवस टांगून ठेवला. बाहेर काढला, तर त्यालाही तोच वास.

तिने साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून कपाटाचा वरचा कप्पा पुसला. फडकं चहासारखं पिवळं झालं. घर रंगवणाऱ्या रंगाऱ्याला तिने फोन लावला.

"आधीचे भाडेकरू खूप ओढायचे, ताई," तो म्हणाला. "भिंती धुऊन रंगवल्या, पण कपाट आतून कोरंच राहिलं. कोऱ्या लाकडात धूर मुरतो. पुसून, दारं उघडी ठेवून चांगलं सुकवा, मग आतून पॉलिश मारा. वास आतच बंद होईल."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, खिशांचंही.

"माहीत होतं," तो म्हणाला. "खिसे उलटे राहायचे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारायची वाट बघत होतो."

त्याने बादली उचलली आणि उरलेले कप्पे दोघांनी मिळून पुसले.