उजवे पान

"पण तो माणूस पाणी ओततोच का? पॉट उलटा आहे, त्याला दिसत नाही?"

आठ वर्षांच्या वरदाने वहीच्या डाव्या पानावर पालथा घडा काढला होता आणि त्यावरून चहूबाजूंनी ओघळणारे पाणी. उजवे पान कोरे होते. तिथे खरा अर्थ यायचा.

"दिसतं गं त्याला," तिची आई अनुराधा म्हणाली. "एखाद्याला कितीही समजावलं तरी आत काही शिरत नाही, सगळं वरून वाहून जातं. तेव्हा म्हणायचं, पालथ्या घड्यावर पाणी."

"म्हणजे मी. टायडी युअर रूम."

"हो, तूच."

लंडनमधल्या ईलिंगच्या त्या भाड्याच्या घरात रविवारची सकाळ होती. वॉर्डात सलग सहा दिवस नर्सची ड्यूटी करून थकलेल्या अनुराधाने खरे तर झोपायला हवे होते. पण बारा वाजता साताऱ्याला फोन लावायचा होता, आणि त्याआधी तीन म्हणी तयार व्हायला हव्या होत्या.

तिचे आप्पा म्हणजे एसटीत कंट्रोलर म्हणून जन्म काढलेले, जाड भिंगांच्या चष्म्यातून बघणारे कमलाकर. म्हणीवाचून त्यांचे पान हलत नसे. गाडी उशिरा आली तरी म्हण, आमटी खारट झाली तरी म्हण. सात आठवड्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचाच गेली. अनुराधाला जाता येईना, कारण सगळ्यांचे पासपोर्ट कायम राहण्याच्या अर्जासोबत गेलेले. इथे परक्यांच्या म्हाताऱ्यांना ती रोज भरवत होती आणि स्वतःचा बाप दुसऱ्याच्या हातचे जेवत होता. याची तिला लाज वाटे.

परवा तिच्या भावाने, जयंतने, फोनवर सांगितले होते, "थेरपिस्टबाई म्हणतात, आकडे, आरत्या, म्हणी असं तोंडात बसलेलं कधीकधी बाहेर पडतं. अर्धी आपण म्हणायची, उरलेली त्यांना म्हणू द्यायची. वरदाला सांग. तिचं ऐकतील ते."

हे बोलणे नव्हे, जिभेची सवय आहे, एवढे अनुराधाला नोकरीने शिकवले होते. तरी तिला तो आवाज हवा होता. वरदाने मात्र अट घातली होती की अर्थ कळल्याशिवाय आपण काही बोलणार नाही. तसे बोलणे म्हणजे चीटिंग.

"नाचता येईना, अंगण वाकडे," अनुराधाने पुढची घेतली. "बाईला नाचता येत नाही, ती म्हणते अंगणच तिरकं आहे. आपल्याला जमलं नाही की दोष दुसऱ्याला."

"माझ्या क्लासमधल्या मिहीरसारखं. तो हरला की म्हणतो, बॉल बॅड आहे." वरदाने तिरक्या पॅटिओवर घसरणारी बाई काढली. "आता लास्ट."

"दुरून डोंगर साजरे. लांबून डोंगर निळा, गुळगुळीत दिसतो. जवळ गेलं की दगड, काटे, चढ."

"कुठला डोंगर?"

"कुठलाही. नोकरी, गाव, देश." निघताना विमानतळावर आप्पांनी हीच म्हण ऐकवली होती आणि ती त्यांच्यावर चिडली होती.

बाराला फोन लागला. जयंतने रिसीव्हर आप्पांच्या कानाशी धरला. इकडे स्पीकर लावला.

"आजोबा, मी वरदा. नाचता येईना..."

मग जड, ओला आवाज आला, "अंगण... वाकडे."

जयंत तिकडे हसला की रडला, कळले नाही. अनुराधाने ओट्याची कड धरली.

"पालथ्या घड्यावर..."

"पाणी."

"दुरून डोंगर..."

उत्तर नाही. वरदाने पुन्हा म्हटले. तरी नाही. थकले असतील, ठेवू या, असे जयंत म्हणत होता, तेवढ्यात आप्पांनी आपणहून सुरुवात केली.

"घार हिंडते... आकाशी."

आणि थांबले. आता पुढचे समोरच्याने म्हणायचे होते.

"आई, ही माझ्या बुकमध्ये नाही," वरदा कुजबुजली.

अनुराधा फोनवर वाकली. म्हण तर तिला पाळण्यापासून ठाऊक होती. पलीकडे आप्पा वाट पाहत होते. कंट्रोलरची सवय, गाडी आल्याशिवाय हलायचे नाही.

"चित्त तिचे पिल्लापाशी," ती म्हणाली. "आप्पा, मी येते. पासपोर्ट आले की येते."

मग जयंतने तिकडे फोन ठेवला.

वरदाने नवे डावे पान उघडून मोठी घार काढली, खाली घरटे. "मीनिंग सांग."

"घार लांब उडते, पण जीव पिल्लात अडकलेला. आई कामाला गेली तरी मन मुलापाशी."

"म्हणजे घार तू. पण मी तर इथेच आहे, तुझ्याजवळ." पेन्सिल घरट्यावर थांबली. "मग यात कोण काढू?"

अनुराधाने पेन्सिल घेतली. घरट्यात एक छोटे पिल्लू काढले आणि सावकाश, दोन्ही काड्यांसकट, त्याला जाड भिंगांचा चष्मा घातला.

वरदाने चित्र नीट पाहिले.

"आणि उजवं पान?"

"राहू दे कोरं," अनुराधा म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला उठली.