पाय दाबला, गाडी हलेना

सासूबाई मधुबांच्या गुडघ्याची फिजिओथेरपी संपली की भाविनी त्यांना घेऊन रिंग रोडच्या दुभाजकातल्या कटवरून उजवीकडे वळायची. त्या दिवशीही तिथेच उभी होती. समोरून येणारी वाहनं जरा विरळ होण्याची वाट बघत. गाडी जागच्या जागी थरथरत होती. स्टिअरिंग हाताला गुदगुल्या करत होतं आणि आरशाला लटकवलेली माळ आपोआप डुलत होती.

"वहू, ही गाडी आहे की पिठाची चक्की?" मधुबा म्हणाल्या.

"डिझेल आहे ना बा. तुमचा मुलगा म्हणतो, डिझेल गाडी अशीच हलते."

"माझा मुलगा लहानपणी म्हणायचा, दूध मांजरानं प्यायलं."

भाविनी हसली. तेवढ्यात समोरून मोकळी जागा दिसली. लांबवर एक रेतीचा डंपर येत होता, पण तो बराच मागे होता. तिनं क्लच सोडला, पाय दाबला. गाडी वळली, रस्त्याच्या मधोमध आली आणि तिथेच तिचा दम गेला. भाविनीनं पाय तळापर्यंत दाबला. इंजिन घरघरलं, मागून काळा धूर सुटला, पण गाडी म्हाताऱ्या बैलासारखी पावलं मोजत राहिली. डंपर आता लांब नव्हता. त्याचा हॉर्न कानात शिरला. तो मधुबांच्या बाजूनं येत होता.

"वहू!"

मग ब्रेकचा तो आवाज, आणि रेती सांडल्याचा. डंपरवाल्यानं स्टिअरिंग मारलं, डंपर तिरका होऊन घसरला आणि त्याच्या पुढच्या कोपऱ्यानं गाडीचा मागचा बंपर उचकटून नेला. धक्क्यानं गाडी अर्धी फिरली आणि थांबली.

भाविनीचा पाय अजून पेडलवरच होता. तिला तो उचलता येईना. मधुबा खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या काचेपुढे डंपरचं चाक होतं, एवढं जवळ की टायरच्या खाचेत अडकलेला खडा दिसत होता.

डंपरचा ड्रायव्हर खाली उतरला. शिवी द्यायला तोंड उघडलं, पण आतली म्हातारी बघून त्यानं ते मिटलं. "बेन, मरायचं असेल तर एकटं मरावं," एवढंच म्हणाला. मग तोच रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतू लागला. 

लोकांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. कुणीतरी मधुबांना उसाचा रस आणून दिला. पेला हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. तिला द्या. तिचा चेहरा बघा."

इलियासभाईचं गॅरेज पुढच्याच चौकात होतं. त्याच्या माणसानं गाडी दोरानं ओढून आणली. इलियासभाई लांबूनच बघत होता. बंपर नसलेली गाडी दिसताच त्यानं तोंडातला मावा थुंकला आणि बायकांसाठी दोन खुर्च्या पुसून ठेवल्या.

"काय झालं, बेन?"

"पाय दाबला, गाडी हललीच नाही. पूर्ण दाबला होता, इलियासभाई."

 स्टिअरिंगखाली वायर जोडून त्यानं बिघाड दाखवणाऱ्या हातातल्या यंत्रावर पाहिलं आणि मान खाली घातली.

"तोच कोड."

"तोच म्हणजे?"

इलियासभाईनं एकदा मधुबांकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. "निमेषभाईंनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"काय सांगायचं होतं?"

"ईजीआर व्हॉल्व्ह चिकटतोय. मी भाईंना म्हटलं होतं, काढून साफ करू. ते म्हणाले, आता नको, नुसती लाइट घालव." त्यानं डॅशबोर्डवरच्या काट्यांमधल्या जागेकडे बोट दाखवलं, जिथे इंजिनाचं पिवळं चिन्ह उजळतं. "मी यंत्रातून पुसली. थोड्या दिवसांनी पुन्हा लागली. पुन्हा पुसली. परवाही आले होते."

भाविनीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिचा नवरा निमेष रोज सकाळी गांठिये खाताना विचारायचा, बाला थेरपीला कधी नेणार आहेस, उन्हाच्या आत परत ये. परवा संध्याकाळी गाडी घेऊन गेला होता, हवा भरायला म्हणून.

"पुसली की दुरुस्त होते का?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"नाही, बेन. फक्त दिसत नाही."

"आणि तुम्ही पुसलीत."

इलियासभाईनं मान हलवली. "पुसली. गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही करतो. वाटलं, गाडीची ओढ जरा कमी होईल, भाई कंटाळून आपणच आणतील. बरोबर नाही केलं मी."

त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत तो थांबला. मग बोल्ट सोडून त्यानं मुठीएवढा लोखंडी भाग बाहेर काढला आणि फडक्यावर ठेवला. आतून तो काळाकुट्ट होता. धुरकट नव्हे, तर डांबराचा थर बसावा तसा, जाड आणि चकचकीत. मधला दांडा आणि त्याच्या टोकाची चकती त्या चिकट काजळीत रुतून बसली होती. इलियासभाईनं स्क्रू-ड्रायव्हरनं चकती दाबली. ती उघडली. सोडली, तर अर्ध्यातच अडकली.

"हे बघा. इंजिनातून निघणारा थोडा धूर हा पुन्हा आत सोडतो. त्यानं आतला जाळ जरा थंड राहतो, विषारी वायू कमी होतो. हळू चालताना ते ठीक आहे. पण जोर हवा असेल तेव्हा यानं घट्ट मिटलं पाहिजे, म्हणजे आत सगळी ताजी हवा जाईल. हा मिटत नाही. इंजिन स्वतःचाच धूर गिळतं. गाडी उभी असली की थरथरते, पाय दाबला की गुदमरते, काळा धूर सोडते. त्यात गाडीच्या संगणकाला कळतं, हा आपलं ऐकत नाही. मग तो इंजिन वाचवायला जोर आणखी कमी करतो."

"पण काल तर नीट चालत होती!" भाविनी म्हणाली.

"कधी मिटतो, कधी नाही. तेच वाईट. साफ बंद पडली असती तर तुम्ही नेलीच नसती." त्यानं हात पुसले. "ही गाडी घर, दवाखाना, दुकान एवढंच फिरते ना? इंजिन नीट तापतच नाही. सिग्नलला थांबा, निघा, पुन्हा थांबा. धुराची काजळी आणि तेलाची वाफ एक होते आणि असा गोंद जमतो."

मधुबांनी खुर्ची पुढे ओढून तो काळा भाग निरखला. म्हणाल्या, "आणि माझ्या मुलाला हे माहीत होतं."

निमेष स्कूटरवरून आला. हेल्मेट काढायच्या आधी त्यानं गाडीला एक फेरी मारली. "बंपरच ना? इन्शुरन्समधून होईल. तुम्ही दोघी बऱ्या आहात ना?"

भाविनी खुर्चीवरून उठली. लग्नापासून ती त्याला तुम्ही म्हणत आली होती. "तू लाइट किती वेळा पुसलीस?"

त्या 'तू'नं निमेषचा चेहरा उतरला. त्यानं इलियासभाईकडे पाहिलं. इलियासभाई पाने ट्रेमध्ये लावत राहिला.

"अगं, सेन्सरची लाइट ती. सगळ्या गाड्यांना लागते."

"त्यानं तुला साफ कर म्हणून सांगितलं होतं."

"करणारच होतो. म्हणजे..." तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. "आठवडाभराचाच प्रश्न होता. रविवारी ध्रुमिल घेऊन जाणार होता ना. नंतर त्यानं करून घेतलं असतं."

ध्रुमिल भाविनीचा धाकटा भाऊ; गाडी तोच विकत घेणार होता. जीजाजींची गाडी म्हणजे घरची गाडी, म्हणून त्यानं दुसरीकडे बघितलंही नव्हतं. कालच फोनवर म्हणाला होता, मागच्या सीटवर लेकीसाठी, कियासाठी, लहान मुलांची खुर्ची बसवून घेतो.

भाविनीनं गाडीच्या छपराला हात टेकला. रागापेक्षा तिला थंडी वाजत होती, भर दुपारी. "म्हणजे लाइट त्याच्यापासून लपवत होतास. माझ्या भावापासून. आणि तोपर्यंत बांना घेऊन मी फिरत होते."

"मला काय माहीत असं होईल? नुसती थरथरते म्हणून कोणाचा जीव..." वाक्य अर्ध्यातच राहिलं. तो गाडीच्या डाव्या बाजूला गेला. मधुबांच्या दारावर, काचेखाली, डंपरच्या टायरचा काळा पट्टा उमटला होता. बंपर त्यानं बघितला होता, हा पट्टा बघितला नव्हता. तो बोटानं चाचपत खाली बसला, आणि बराच वेळ उठला नाही.

"इथे होतीस तू, बा?"

"हो. तिथेच बसते मी," मधुबा म्हणाल्या. मग त्यांनी काठी उचलली. "इलियास, मला रिक्षा बोलावून दे."

"बा, मी सोडतो ना स्कूटरवर."

"नको. रिक्षावाला निदान सांगेल, गाडी बिघडली आहे म्हणून."

त्या गेल्या. निमेष फूटपाथवर बसून राहिला. भाविनीनं फोन काढून त्याच्यापुढे धरला. "ध्रुमिलला तू सांगायचंस. मी नाही. आत्ता."

त्यानं सांगितलं. अडखळत, मध्येच 'छोटासा प्रॉब्लेम' असं म्हणून, मग तो शब्द आपणच मागे घेऊन. डंपरचं सांगताना त्याचा आवाज फाटला.  मग ध्रुमिल म्हणाला, "जीजाजी, किया त्यात बसणार होती." एवढंच. फोन बंद.

इलियासभाईनं तो भाग फवाऱ्यानं आणि तारेच्या ब्रशनं घासला. काळं पाणी गटारात वाहत राहिलं. पाईप आणि हवेचा मार्गही खरवडून काढावा लागला. मग जोडावरची नवी गॅस्केट लावून सगळं बसवलं आणि यंत्रावरून व्हॉल्व्ह उघडमीट करून बघितला. गाडी सुरू केली. ती शांत उभी राहिली.

"बेन, एक फेरी मारून या. मी बाजूला बसतो."

"नको, तुम्ही मागे बसा," भाविनी म्हणाली. "पुढे हा बसेल."

निमेष मधुबांच्या जागेवर बसला. ती त्याच रस्त्यानं गेली, त्याच कटवर थांबली. समोरून वाहनं येत होती. ब्रेकवरून पाय उचलायला तिला धीर होत नव्हता. निमेष पुढच्या ट्रकांकडे बघत दाराची कडी घट्ट धरून बसला होता. मोकळी जागा आली, गेली. दुसरी आली. ती हलली नाही. मागून हॉर्न वाजले.

"जाऊया का आपण दुसऱ्या रस्त्यानं?" निमेष पुटपुटला.

"बा गेला आठवडाभर इथूनच जात होत्या," ती म्हणाली.

मग रस्ता पूर्ण रिकामा झाला. तिनं पाय दाबला. गाडी झेपावली, एका दमात पलीकडे गेली, इतक्या सहज की भाविनीला रडू फुटलं. तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मागे बसलेला इलियासभाई खिडकीबाहेर बघत राहिला.

गाडी विकली नाही. भाविनीनं दोन्ही किल्ल्या आपल्या पर्समध्ये ठेवल्या, आणि रविवारी सकाळी ती एकटीच हायवेवर लांबवर जाऊन येऊ लागली, इंजिन चांगलं तापेपर्यंत. ध्रुमिल महिनाभर त्यांच्या घरी आला नाही. मधुबांनी मुलाशी बोलणं टाकलं नाही. पण तो 'बरं आहे ना, बा?' म्हणून विचारी, तेव्हा त्या उत्तर देण्याआधी त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत.