चारचं कुंपण

शाळा सुटली की ती दप्तर घरी टाकायची आणि थेट कॅरमच्या क्लबात जायची. नववीतली मुलगी, पण क्लबात तिला सगळे ‘कारकून’ म्हणत. सेक्रेटरींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी सामन्यांच्या नोंदी हिच्या गळ्यात पडल्या होत्या. तिला ते आवडायचं. खोलीच्या कोपऱ्यात स्टूल, मांडीवर वही, समोर दिव्याखाली पिवळाधमक बोर्ड, आणि सोंगट्यांचा तो टणक आवाज.

तिचा दादा त्याच क्लबात खेळायचा. क्लबचे सभासद चौदा. त्यांतल्या नऊ जणांशी तो खेळला होता आणि एकदाही हरला नव्हता. त्याचा हात असा की सोंगटी सरळ जात नसेल तर स्ट्रायकर बोर्डाच्या कडेवर आपटून तिला परत बोलावून आणायचा. पण दादा दिवसा गटारं साफ करायचा. बाबाही तेच करत आले होते आणि त्यातच गेले होते. त्यामुळे क्लबात या दोघा भावंडांचा पाण्याचा ग्लास खिडकीत वेगळा असे. कारकुनाने वही हाताळलेली चालायची, कागद विटाळत नाही म्हणे. सोंगट्या लावायला मात्र तिला कोणी बोलवत नसे.

क्लबच्या क्रमवारीच्या यादीतले पहिले चौघे दादासमोर बसतच नसत. पहिला ठेकेदार, ज्याच्या हाताखाली दादा गटारात उतरायचा. दुसरा त्याचा मेहुणा. तिसरे औषधाच्या दुकानाचे मालक आणि चौथे सेक्रेटरी. कोणी उघड काही बोलत नसे. ठेकेदार म्हणायचा, “आज पाठ धरलीय.” मेहुण्याला कुठेतरी जायचं असायचं. औषधवाले चष्मा विसरलेले असायचे, आणि तोच चष्मा नाकावर चढवून पुढच्याच क्षणी शिंप्याशी खेळायला बसायचे.

वर्षाअखेरीस पहिल्या चार जणांना शहरातल्या मोठ्या कंपनीच्या निवडीला पाठवत. तिथे जो चमकेल त्याला कंपनीच्या संघात जागा आणि कायमची नोकरी. दादाला तेवढंच हवं होतं. त्या वर्षी यादी लागली आणि दादा पाचवा आला.

“एकही सामना न हरता पाचवा?” आई म्हणाली. “हे कसलं गणित, बाई?”

“बघते,” कारकून म्हणाली.

गणित भिंतीवरच लावलेलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. गेल्या यादीतल्या पहिल्या चौघांपैकी कोणाला हरवलं तर आठ गुण. बाकी कोणालाही हरवलं तर चार. हरलात तर एक. वर्षभराच्या गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागायचं, जी सरासरी येईल त्यावरून क्रम. कोणत्याही दोघांत वर्षाला जास्तीत जास्त दोन सामने. यादीत यायला निदान दहा सामने हवेत. आणि शेवटी एक कलम: सामना दोघांच्या संमतीने, एकाची संमती नसेल तर सामना झालाच नाही असं धरावं.

तिने दादाचा हिशेब मांडला. नऊ जणांशी दोन-दोन, म्हणजे अठरा सामने. अठराही जिंकलेले. बहात्तर गुण, भागिले अठरा. चार. पन्नास जिंकला असता तरी चारच आले असते. सगळेच विजय चार-चार गुणांचे, तर सरासरी चारच्या वर जाणार कशी? वर जायला आठवाला सामना हवा, आणि आठवाले समोर बसत नव्हते.

मग तिने चौघांचा हिशेब मांडला आणि तिचे कान तापले. ते आपसात सहा-सहा सामने खेळले होते. प्रत्येक जोडीत एक सामना याने जिंकलेला, एक त्याने. प्रत्येकाचे तीन विजय, तीन पराभव: चोवीस आणि तीन, सत्तावीस. मग तळाच्या चार खेळाडूंना बोलावून हरवायचं, त्याचे सोळा. त्रेचाळीस भागिले दहा. चार पूर्णांक तीन दशांश. अर्धे सामने एकमेकांना वाटून घेणारे वर, आणि कधीच न हरणारा खाली.

ती सेक्रेटरींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं, चुकीचं आहे असं म्हणाले नाहीत.

“अगं, नियम सगळ्यांना सारखेच आहेत ना?” ते म्हणाले. “संमती हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही काय जबरदस्ती करायची लोकांवर?”

“पण दादालाच कोणी संमती देत नाही.”

“शाळेकडे लक्ष दे. चांगली हुशार आहेस.”

पुढच्या महिन्यात दादा एका तुंबलेल्या चेंबरमध्ये उतरला आणि वर आलाच नाही. दोराने ओढून काढला तेव्हा ओठ निळे पडले होते. तो वाचला. पण त्याच्याआधी खाली गेलेला शेजारचा काका वाचला नाही. ठेकेदार दवाखान्यात आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “सांगितलं होतं, घाई करू नका म्हणून.” असं त्याने कधीच सांगितलं नव्हतं. दादा छातीतून शिट्टीसारखा आवाज काढत नुसता छताकडे बघत राहिला.

निवडीला गेला असता तर दादा त्या दिवशी त्या भोकापाशी नसता. हे वाक्य कारकुनाच्या डोक्यात घर करून बसलं. तिला आता न्याय नको होता. तिला त्या चौघांना पडताना बघायचं होतं, आणि तेही त्यांनीच खणलेल्या खड्ड्यात.

ती पुन्हा भिंतीवरच्या नियमांपुढे उभी राहिली. चौघांचे आपसातले सामने सहा. यादीत यायला हवेत दहा. उरलेले चार कुठून येतात? ज्यांना ते ‘चाराण्याची गिऱ्हाइकं’ म्हणून हसायचे, त्या नऊ जणांकडून. आणि संमतीचं कलम तर सगळ्यांना सारखंच होतं.

ती आधी शिंप्याकडे गेली. तो मशीनवर वाकलेला होता.

“शिंपीकाका, तुम्ही ठेकेदारांशी का खेळता?”

“बोलावतात म्हणून.”

“जिंकता का?”

“कुठचं? पावडर आम्ही टाकायची, जिंकायचं त्यांनी.”

तिने त्याच्याच कापायच्या खडूने टेबलावर हिशेब मांडला. शिंप्याने मशीन थांबवली. आकडे दोनदा बघितले.

“म्हणजे आम्ही खेळलो नाही, तर हे चौघे यादीतच नाहीत?”

“नाहीत. मग पहिले चार तुमच्यातलेच. निवडीला तुम्हीसुद्धा जाऊ शकता.”

“आणि तुझा दादा पहिला.”

“तो जिंकतो म्हणून पहिला. तुमच्याशी खेळून. तुम्ही त्याच्याशी खेळता हे मला माहीत आहे.” तिने खडू खाली ठेवला. “खेळून झाल्यावर हात धुता, तेही माहीत आहे.”

शिंपी वरमला. खडूने माखलेली बोटं त्याने विजारीला पुसली. “ठेकेदाराला कारण काय सांगायचं, पोरी?”

“ते दादाला सांगतात तेच.”

शिंप्याने शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरने इस्त्रीवाल्याला, असं करत क्लबातले ते नऊही जण तयार झाले. सगळेच काही दादाच्या प्रेमाखातर आले नाहीत. कोणाला निवडीचा मोह होता, कोणाला ठेकेदाराचे जुने टोमणे सलत होते. कारकुनाला ते चालण्यासारखं होतं.

वर्ष सरत आलं तसे चौघे नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकं शोधायला लागले. शिंप्याची कंबर धरली. ड्रायव्हरला कुठेतरी जायचं होतं. इस्त्रीवाल्याचा चष्मा हरवला, आणि त्याला चष्मा नव्हताच मुळी. कारकून स्टुलावर बसून ठेकेदाराचा चेहरा बघत होती. पहिल्या नकाराला तो हसला. तिसऱ्याला हसला नाही. पाचव्या नकारानंतर त्याने भिंतीवरचे नियम वाचायला घेतले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली.

शेवटच्या आठवड्यात सेक्रेटरी त्यांच्या घरी आले. या गल्लीत ते याआधी कधी आले नव्हते. आईने खुर्ची पुसून दिली. ते टेकल्यासारखे बसले.

“कारकून, जे चाललंय ते बरं नाही,” ते म्हणाले. “क्लब मोडेल. आपण नियम बदलू. नकार दिला की सामना हरला असं धरू. चौघेही तुझ्या दादाशी खेळायला तयार आहेत.”

“छान नियम आहे,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षापासून.”

“या वर्षीपासूनच करू की.”

“या वर्षीचा खेळ या वर्षीच्या नियमांनी. नियम सगळ्यांना सारखे.”

सेक्रेटरी दादाकडे वळले. “तू मोठा आहेस, तू सांग तिला. तुला ठेकेदाराशी खेळायची केवढी हौस होती.”

दादा खोकला, श्वास जुळेपर्यंत थांबला. “हौस अजून आहे, साहेब. त्यांना सांगा, कधीही या. बसू समोरासमोर. फक्त तो सामना मोजायचा नाही.”

सेक्रेटरी उठले. दारापाशी आईने विचारलं, “पाणी घेणार?” त्यांनी ग्लासाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि निघून गेले. आईने ते पाणी कुंडीत ओतलं. “तहान नसेल,” ती म्हणाली.

यादी कारकुनाने स्वतः लावली. दादा पहिला, मग ड्रायव्हर, शिंपी, इस्त्रीवाला. त्या जुन्या चौघांची नावं कुठेच नव्हती. ठेकेदार यादीसमोर उभा राहिला आणि सगळ्यांसमक्ष म्हणाला, “गटारातली घाण वर आली की असंच होतं.”

शिंप्याने खिडकीतला ग्लास उचलला, माठातून भरला आणि सगळ्यांदेखत प्यायला. त्याने तो पूर्ण रिकामा केला. ठेकेदार चप्पल न घालताच बाहेर पडला आणि चपलेसाठी त्याला परत यावं लागलं. कारकुनाने ते डोळे भरून पाहिलं.

निवडीत दादा शेवटपर्यंत टिकला. अखेरच्या बोर्डावर राणी घेतली, लागोपाठ आपली सोंगटी घालून ती पक्की केली आणि सामना खिशात टाकला. कंपनीने त्याला घेतलं. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला तेव्हा आई रस्त्याच्या वळणापर्यंत मागे गेली.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण त्याच आठवड्यात शाळेतून येताना कारकुनाला नाक्यावर चेंबरचं झाकण उघडं दिसलं. ठेकेदार छत्रीखाली उभा होता. दोर खाली गेला होता. वर दोर धरून एक बाई बसली होती, गेल्या वर्षी गेलेल्या काकाची बायको. खाली तिचा मुलगा होता.

ठेकेदाराने कारकुनाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर पराभवाचा मागमूस नव्हता. यादीतून त्याचं नाव पुसलं गेलं होतं, पण त्याचं काम करायला माणूस मिळाला होता.

मुलगा वर येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग काकूच्या शेजारी बसली.

“काकू, ठेकेदाराकडे असे उतरणारे एकूण किती जण आहेत?”

“असतील वीसेक. का गं?”

“त्यांची घरं मला दाखवाल?”

“कशाला?”

“सगळ्यांनी एकाच दिवशी नाही म्हटलं तर तो कोणाला उतरवेल, ते त्यांना विचारायचंय.”

काकूने दोर गुंडाळणं थांबवलं. मुलाच्या पाठीवरचा चिखल हाताने निपटला. मग उठली आणि म्हणाली, “चल. आधी माझ्या घरापासून सुरुवात कर.”