फोन म्हणतो दोन, कंपनी म्हणते पंचवीस

बाबांचा हात धरून मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात शिरले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाबांना हल्ली फारसं आठवत नाही. म्हणून त्यांच्या खिशात एक नवा फोन ठेवलाय. ते कुठे आहेत, ते मला ऑफिसात बसून माझ्या फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. काल त्यांचा डेटा संपला, ठिपका घरावरच थिजला आणि बाबा दिवेलागणीला बसडेपोत सापडले. पायात चपला नव्हत्या.

"हे बघा," मी फोन काउंटरवर ठेवला. "फोन म्हणतो दोन जीबी वापरले. तुम्ही म्हणता पंचवीसच्या पंचवीस संपले. बाकीचे काय उंदरांनी खाल्ले?"

काउंटरवरची बाई दमलेली होती, पण भांडकुदळ नव्हती. "ताई, तुमचा फोन एक तारखेपासून मोजतोय. पॅक सुरू झालाय गेल्या महिन्याच्या वीसला." तिने सेटिंगमध्ये जाऊन तारीख बदलली. आकडा दोनाचा सहा झाला.

"म्हणजे अजून एकोणीस तुमच्याच घशात!"

"थोडा फरक राहतोच. आमच्याकडची नोंद उशिरा पोचते, प्रत्येक वेळचं मोजमाप वरच्या पूर्ण आकड्यात धरलं जातं. पण त्याने एकोणीस होत नाहीत." तिने फोनचा आलेख आणि तिच्या पडद्यावरची रोजची नोंद शेजारी शेजारी धरली. "एकेक दिवस ताडून बघू."

बाबा खुर्चीत शांत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत त्यांनी. "मागे पडतंय," ते म्हणाले.

बाकी सगळे दिवस जुळले. तीन दुपारी मात्र कंपनीकडे ढीगभर डेटा आणि फोनमध्ये शून्य.

"ताई, या तीन दुपारी सिम या फोनमध्ये नव्हतंच. दुसऱ्या हँडसेटमध्ये होतं. फोन फक्त स्वतःचं मोजतो, आम्ही सिमचं मोजतो. जुना फोन असेल, बरेच महिने बंद. नेट मिळाल्याबरोबर सगळे ॲप अपडेट होतात, साठलेले फोटो वर चढतात. आपोआप. कुणी काही बघावंही लागत नाही."

"अहो, घरात ते आणि मी. त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, ते सिम कुठलं बदलतायत?"

बोलता बोलताच मला ते तीन दिवस आठवले. तिन्ही दुपारी ठिपका घरावर होता. खाली बारीक अक्षरात "शेवटची नोंद दोन तासांपूर्वी" असं काहीतरी होतं. मी म्हटलं, रेंज नसेल. आणि निवांत चहा प्यायले. तेव्हा हा फोन घरी टेबलावर पडला होता, आणि माझा बाप कुठे होता ते देवालाच ठाऊक. मी काउंटरला धरलं.

"हे परत नको व्हायला. काय करू?"

"सिमला पिन लावता येईल. दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आकडे विचारेल. पण ताई..." ती माझ्या मागे बघत होती.

बाबा उठून आले होते. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून आपला जुना फोन काढला. तो मी कपाटात टाकलेला, कधीचा विसरलेला. मग सदऱ्याच्या काठात खोचलेली, घड्याळाच्या कामाची बारीक सुई काढली. नव्या फोनची खाच उघडली, सिम चिमटीत धरलं, जुन्यात बसवलं. हात तसूभरही हलला नाही. आम्ही दोघी बघत राहिलो.

"बाबा, कशाला हे? फोन करायचाय तर या नव्यावरूनच लावा ना. माझा नंबर आहे यात. फोटोसकट."

"ती बाई कोण आहे मला माहीत नाही," बाबा हळू आवाजात म्हणाले. माझ्यासमोर, माझ्याबद्दल. "माझी पोर यात आहे."

जुन्या फोनच्या पडद्यावर 'बाळ' असं नाव उमटलं, खाली दोन वेण्यांतली मी. नंबर माझाच, पण ऑफिसने नवा दिल्यावर बंद केलेला. त्यांनी फोन कानाला लावला. बाहेरपर्यंत ऐकू आलं: आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

"उचलत नाही," ते म्हणाले. "डेपोवर उतरते ती. म्हटलं, आणायला जावं."

"बाबा, मी इथेच आहे."

"हो का?" ते सभ्यपणे हसले, आणि परत नंबर लावू लागले.

काउंटरवरच्या बाईने विचारलं, "ताई, पिन लावू ना मग?"

पिन लावली की त्यांची 'बाळ' बंद, नाही लावली की ठिपका परत घरावरच थिजणार.