नऊ की नऊ पूर्णांक एक तृतीयांश

गणिताच्या मॅडमना पोरं पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांची सख्खी भाची त्यांच्याच वर्गात होती. तिला इतरांपेक्षा चार शब्द जास्तच ऐकायला लागत, कारण मावशी लाड करते असं कुणी म्हणता कामा नये.

चाचणीचे पेपर वाटताना मॅडमनी भाचीला उभं केलं. ‘‘तिसरी बाजू किती? नऊ पूर्णांक एक तृतीयांश! ही त्रिकोणाची बाजू आहे की खोकल्याच्या औषधाचा डोस? उत्तर नऊ आहे. घरात गणित असून ही तऱ्हा!’’ वर्ग खो खो हसला. भाची खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

त्या रात्री बहिणीचा फोन आला. ‘‘पोरगी गणित सोडून इतिहास घेतेय. उद्या सकाळी अर्ज घेऊन प्राचार्यांना भेटणार आहे. तू चारचौघांत काय बोललीस तिला?’’

‘‘तू लाडावून ठेवलीयस,’’ म्हणत मॅडमनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या तुकडीचे सर तेच पेपर तपासत बसले होते. ‘‘मॅडम, माझ्या निम्म्या पोरांचं नऊ आलंय, निम्म्यांचं नऊ पूर्णांक एक तृतीयांश. मला कुणाचीच चूक सापडत नाही.’’

‘‘सापडेल की. आणा इकडे,’’ मॅडम म्हणाल्या आणि खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या.

गणितात त्रिकोणाची अर्धपरिमिती बारा दिली होती. आतून तिन्ही बाजूंना टेकणाऱ्या अंतर्वर्तुळाची त्रिज्या दोन, आणि बाहेरून पहिल्या व दुसऱ्या बाजूला टेकणाऱ्या बहिर्वर्तुळांच्या त्रिज्या चार आणि आठ. मॅडमनी आपली रीत मांडली. बहिर्त्रिज्या म्हणजे अर्धपरिमिती गुणिले समोरच्या अर्ध्या कोनाचा टॅन. अंतर्त्रिज्येत तोच टॅन, फक्त अर्धपरिमितीतून ती बाजू वजा करून गुणायचा. भागाकार केला की टॅन उडून जातो. पहिली बाजू सहा, दुसरी नऊ, आणि परिमितीच्या चोविसातून पंधरा गेले की तिसरी नऊ.

‘‘आता पोरांची रीत,’’ सर म्हणाले. पहिल्या अर्ध्या कोनाचा टॅन चार भागिले बारा, म्हणजे एक तृतीयांश. दुसऱ्याचा आठ भागिले बारा, म्हणजे दोन तृतीयांश. गुणाकार दोन नवमांश. हा गुणाकार म्हणजे अर्धपरिमितीतून तिसरी बाजू वजा करून जे उरतं त्याला अर्धपरिमितीनं भागलेलं. म्हणजे उरतात आठ तृतीयांश. बाजू नऊ पूर्णांक एक तृतीयांश.

मॅडमनी दोनदा पडताळून पाहिलं. मग नऊ धरून तिसऱ्या अर्ध्या कोनाचा टॅन काढला, तोही दोन तृतीयांश. तिन्ही टॅन दोन-दोन करून गुणले आणि बेरीज केली. कुठल्याही त्रिकोणात ती एक यायला हवी. आली आठ नवमांश. असा त्रिकोणच नव्हता.

गेल्या वर्षी याच गणितात आठच्या जागी सहा होते. बाजू सहा, आठ, दहा, सगळं चपखल. जुन्या पोरांकडून उत्तर मिळू नये म्हणून मॅडमनी एक आकडा बदलला होता, एकाच रीतीनं सोडवून पाहिला होता आणि पेपर छपाईला दिला होता. हसणारा तो अख्खा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला.

‘‘छपाईची चूक म्हणून टाकू,’’ सर हळूच म्हणाले. ‘‘कुणाला कळतंय?’’

क्षणभर मॅडमना ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच जास्त लाज वाटली.

वर्गात त्यांनी दोन्ही रीती फळ्यावर लिहिल्या. ‘‘गणित चुकीचं होतं. छपाईत नाही चुकलं, मीच चुकवलं. आणि ज्या उत्तरावर मी तुम्हाला हसवलं, त्याची रीत बरोबर होती.’’ या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते जास्त जड गेलं. भाची शेवटच्या बाकावर वहीत बघत बसली होती.

तास संपल्यावर मॅडमनी तिचा पेपर मागून घेतला. तपासताना त्यांनी फक्त शेवटची ओळ पाहिली होती. आता वरची ओळ दिसली. तिथे नऊ लिहून खोडलेलं होतं.

‘‘तुला नऊसुद्धा आलं होतं? मग खोडलंस का गं?’’

‘‘दोन्ही बरोबर दिसत होती. वेळ संपत आला होता, एक ठेवलं.’’

‘‘गणितच चुकलं असेल, असं नाही वाटलं?’’

‘‘तुम्ही घातलेलं होतं ना,’’ भाची म्हणाली. ‘‘मला वाटलं, माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. रात्री पुन्हा सोडवलं, तरी दोन उत्तरं. म्हणून सकाळी जाऊन विषय बदलायच्या अर्जावर प्राचार्यांची सही घेऊन आले.’’

मॅडमनी पेपर मिटून बाकावर ठेवला.

‘‘मावशी,’’ भाचीनं अगदी हळू विचारलं, ‘‘म्हणजे माझं डोकं ठीक आहे ना?’’