मूळचा डाळिंबी

स्टुडिओत तिला सगळे भिंगवाली म्हणत. फोटो कागदावर दुरुस्त व्हायचे त्या काळात ती डोळ्याला भिंग लावून बसायची. आता कामं संगणकावर आली, भिंग खणात पडलं, तरी नाव काही सुटलं नाही. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीला जाड काळा पडदा. रंग पारखायचे तर बाहेरचा उजेड नको, म्हणून तिच्याकडे भर दुपारीही संध्याकाळच असायची.

त्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. साठी ओलांडलेल्या, मुद्द्याचं तेवढंच बोलणाऱ्या. फोटो त्यांच्या आईचा होता. एका फाटकाशी उभी तिशीची बाई, अंगावर हिरवी साडी, काठ चांगला चार बोटं रुंद, भरगच्च जरीचा. पदर मोकळा सोडलेला. आई आता पंच्याऐंशीची होती, मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, आणि अलीकडे विसरायला लागली होती. स्वतःचे जुने फोटो दाखवले की थोडी भानावर येते, म्हणून शिक्षिकेने हा मोठा करून आणला, तर आईने तो उलटा करून ठेवला.

"ही मी नाही म्हणते. माझी साडी डाळिंबी होती म्हणते," शिक्षिका म्हणाल्या. "वाद घालण्यापेक्षा तुम्ही डाळिंबी करूनच द्या. तिचं समाधान. फक्त जरीला धक्का नको. कुठेतरी करून बघितलं तर काठ पितळेच्या पट्टीसारखा दिसायला लागला."

भिंगवालीला हसू आलं. पितळेची पट्टी कशाने होते ते तिला पाठ होतं. साडीवर सरसकट रंग ओतला की जरही लाल होते, आणि जर कापून बाजूला काढली की तिची वीण मरते. काठ म्हणजे काही सोन्याचा पत्रा नव्हे. सोनेरी तारेखाली साडीचा धागा असतो, दोन तारांच्या फटीतून तो डोकावतो, आणि तारेवरही त्याची थोडी झाक पडते. रंग बदलायचा तो फटींतला पूर्ण, तारेवरचा अगदी चवीपुरता, आणि उजेड-सावलीला हात न लावता.

शिक्षिका गेल्यावर तिने काठ चौपट मोठा केला आणि तिथेच थबकली. फटींत हिरवा नव्हताच. तारांच्या मधे, जिथे कुणी बघायला जात नाही तिथे, बारीक बारीक ठिपक्यांत लालसर रंग होता. डाळिंबी.

म्हणजे म्हातारी चुकत नव्हती. साडी मूळची डाळिंबीच होती, आणि कुणीतरी आधीच ती हिरवी केली होती. करणाऱ्याने जर वाचवायला काठ सरसकट बाजूला काढला होता, म्हणून जुना रंग तिथे तसाच अडकून राहिला होता. भिंगवालीला त्या अनोळखी कारागिराची थोडी कीव आली. घाईत असेल बिचारा. पण असा खटाटोप करायचं कारण काय, ते काही उमगेना.

पुढे तिने नेहमीचा रस्ता धरला. फोटोतला लाल, हिरवा आणि निळा रंग सुटे करून तिन्ही चॅनेल एकेक करून बघितले. लाल चॅनेलमध्ये हिरवं कापड काळंभोर दिसत होतं आणि जर लख्ख पांढरी. जरीला रंगापासून झाकणाऱ्या मास्कसाठी हाच बरा. त्याची प्रत काढून काळा अजून काळा आणि पांढरा अजून पांढरा केला, तशी जरीची एकेक तार कोळ्याच्या जाळ्यासारखी सुटी झाली. चेहरा आणि हातही पांढरेच आले, कारण कातडीचा रंग लाल चॅनेलमध्ये जरीइतकाच उजळ असतो. ते तिने हाताने वेगळे काढले.

पण पदराच्या खालच्या काठाशी, गुडघ्याच्या थोडं वर, चार पांढरे ठिपके उरले. लांबट, एकाशेजारी एक, जरीच्या नक्षीत न बसणारे. मूळ फोटोत तिथे काही दिसत नव्हतं, नुसती जर चमकल्यासारखी वाटत होती. आणि त्या ठिपक्यांच्या अलीकडे पलीकडे काठाची वीण नको इतकी सारखी होती. एक तुटलेली तार, तिच्याखाली छोटी गाठ. बोटभर पुढे तीच तार, तीच गाठ. आणखी पुढे तिसऱ्यांदा तीच. मागावर गाठ अशी तीनदा पडत नाही. काठाचा एक तुकडा उचलून तीन ठिकाणी चिकटवला होता.

भिंगवालीने कपाळ चोळलं. जुना फोटो, फाटला असेल, बुरशी लागली असेल, कुणी तरी ठिगळ लावलं असेल. ठिगळाचा रंग जुळला नाही म्हणून सांधा लपवायला अख्खी साडीच रंगवली असेल. तिने ते चार ठिपके मास्कमधून पुसले, जर नीट विणून घेतली, वर डाळिंबी रंगाचा थर चढवला. तारांवर पंचमांश झाक ठेवली. ब्लाउजच्या बाहीवर आणि हनुवटीखाली साडीचा हिरवट उजेड पडलेला होता, तो काढला. काम इतकं सुरेख उतरलं की ती स्वतःच दोन मिनिटं मागे टेकून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी शिक्षिका प्रत घेऊन परत आल्या. तक्रार नव्हती, पण बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर. आईने साडी लगेच ओळखली, म्हणाल्या. हसलीसुद्धा. मग फोटो जवळ घेऊन त्यावरून नख फिरवत राहिली, चाचपल्यासारखं. शेवटी एका जागी थांबली आणि रडायला लागली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, हिचा हात कुणी सोडवला."

शिक्षिकेने प्रत टेबलावर ठेवली. चकचकीत कागदावर नखाची चंद्रकोर उमटली होती. पदराच्या खालच्या काठाशी, गुडघ्याच्या थोडं वर.

भिंगवालीने तिथून बोट फिरवलं. नखाची खूण सोडली तर कागद सगळीकडे सारखाच गुळगुळीत होता. बोटाला लागावं असं काही नव्हतं, आणि म्हातारीला तर समोरचा माणूसही धड दिसत नव्हता. भिंगवालीने मूळ फाइल उघडली आणि तोच लाल चॅनेल शिक्षिकेला दाखवला. काळ्या कापडावर चार लांबट पांढरे ठिपके. आता एकदा कळल्यावर ते ठिपके राहिलेच नाहीत. ती लहान मुलाची बोटं होती, काठ घट्ट धरलेली. चुण्याही तिकडेच ओढलेल्या होत्या. भिंगवालीला परवा तो ओढा वाऱ्याचा वाटला होता.

तिने सगळं सांगितलं. काठावर टेकलेली बोटं जरीच्याच रंगाची, म्हणून ज्याने मूल पुसलं त्याने जर वाचवताना नकळत बोटंही वाचवली. बाकीचं पोर गेलं, आणि मागे फाटक रंगवून टाकलं. "आणि उरलेली बोटं परवा मी पुसली," ती म्हणाली. हे म्हणताना तिला स्वतःचा आवाज परका वाटला.

शिक्षिका स्क्रीनजवळ वाकल्या. मग त्यांनी विचारलं, "ही माझी असतील?"

"तुम्ही त्या वेळी किती वर्षांच्या?"

"नऊ. पण हा फोटो मीच काढला होता. बाबांनी कॅमेरा माझ्या हातात दिला होता, तेवढं आठवतं." त्यांनी प्रत पुन्हा हातात घेतली. "माझ्या पाठीवर कुणी नव्हतं. सगळे हेच सांगत आले. मीही हेच सांगत आले."

वडिलांनी वीस वर्षांपूर्वी घरचे सगळे अल्बम नेऊन कुठल्याशा स्टुडिओतून करून आणले होते. मूळ प्रती खराब झाल्या म्हणून टाकल्या, असं ते म्हणाले होते. ते गेल्याला आता अकरा वर्षं झाली होती, विचारायला कुणी नव्हतं. शिक्षिका म्हणाल्या, "कॅमेऱ्यातून मी काय बघितलं असेल हो? मला फक्त आई दिसते."

भिंगवालीने बोटं परत आणली. नवीन काही काढलं नाही, जे दडपलं होतं तेवढंच उघडं केलं. बोटांवरचा सोनेरी पिवळेपणा उतरवला, कातडीचा रंग दिला, आणि तीनदा चिकटवलेला काठ तसाच राहू दिला, कारण त्याच्याखाली आता काहीच नव्हतं. छापलेली प्रत तिने कुणाच्या हाती पाठवली नाही, स्वतः घेऊन गेली.

म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती. शिक्षिकेने फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. उजव्या हाताचा अंगठा सरळ त्या जागेवर गेला आणि तिथे टेकला, एखाद्याची मूठ आपल्या हातात घ्यावी तसा.

"घट्ट धर म्हटलं होतं मी हिला," ती म्हणाली. "फाटकाबाहेर रस्ता आहे."

"कुणाला, आई?"

म्हातारीने मुलीकडे तोंड वळवलं. "तुला नाही," ती सहज म्हणाली आणि एक नाव उच्चारलं. दोन अक्षरी, लाडाचं.

दाराबाहेर आल्यावर शिक्षिकेने सांगितलं. ते नाव त्यांच्या बाहुलीचं होतं. लहानपणी त्या बाहुलीशी तासन्‌तास बोलायच्या, तिला शेजारी निजवायच्या, तिचं पान वाढायला लावायच्या. एकदा वडिलांनी ती बाहुली काढून घेतली आणि पुन्हा हे नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. बाहुलीचं नाव आपणच ठेवलं असं त्या आजवर समजत होत्या.

पुढे काही दिवसांनी त्यांनी फोन करून विचारलं की त्या मुलीचा चेहरा आणता येईल का. हल्ली सगळं येतं म्हणतात. भिंगवालीने स्पष्ट सांगितलं की चेहरा फाइलमध्ये कुठेच नाही. आणला तरी तो यंत्राच्या मनातला असेल, तिचा नसेल. शिक्षिका हो म्हणाल्या, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं.

आई आता शांत असते, म्हणाल्या. फोटो उशाशी लागतो, बाकी काही मागत नाही. मग थोडं घुटमळून म्हणाल्या की एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. फाटकातून बाहेर पडताना हल्ली पदर खाली ओढल्यासारखा वाटतो. डावीकडून, गुडघ्याच्या वर. पहिले दोन दिवस त्या पिन लावून गेल्या.

"आणि आता?"

"आता थांबते जरा," शिक्षिका म्हणाल्या. "रस्ता मोकळा होईपर्यंत. मागे बघत नाही."