दोघी जावा आणि क्लबची घटना

महिला व्हॉलीबॉल क्लब थोरलीनंच उभा केला होता. पार्लर सांभाळून तिनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या, पहिलं नेट स्वतः बांधलं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि कॉलेजच्या टीममधून खेळलेली धाकटी जाऊ मैदानात उतरली. महिन्याभरात सगळ्या तिच्याभोवती. "वहिनी, हात कसा धरायचा?" "वहिनी, एकदा दाखवा ना!" या मैदानावर वहिनी म्हणजे आजवर थोरलीच होती. आता तिच्याकडे चेंडू आणायचं काम राहिलं होतं.

तेवढ्यात नगरपालिकेनं कळवलं, मैदान नोंदणी झालेल्या क्लबलाच मिळेल आणि नोंदणीसाठी लेखी घटना लागेल. "मी लिहिते," थोरली लगेच म्हणाली.

पार्लर बंद ठेवून सगळ्या आरशांसमोरच्या खुर्च्यांवर बसल्या. थोरली मसुदा वाचत गेली. परिसरातल्या अठरा वर्षांवरच्या कुठल्याही बाईला अर्ज करून सभासद होता येईल. लेखी कारण दिल्याशिवाय आणि तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाला काढता येणार नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार वार्षिक सभेत निवडायच्या, दोन वर्षांसाठी. पैसे क्लबच्या नावाच्या खात्यात, काढताना दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, हिशेब तपासून दरवर्षी सभेपुढे. क्लब बंद पडला तर शिल्लक वाटून घ्यायची नाही, दुसऱ्या क्रीडासंस्थेला द्यायची.

"आणि एका घरातल्या दोघी पदाधिकारी नकोत," थोरली कागदावरून मान वर न करता म्हणाली.

खुर्च्या करकरल्या. सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे.

"बरोबर आहे, ताई," धाकटी म्हणाली. "नाहीतर दोन्ही सह्या एकाच घरातून व्हायच्या."

थोरलीनं पान जोरात उलटलं. बाईनं भांडायला तरी हवं होतं!

शेवटचं कलम होतं वादाचं. "अध्यक्षांचा निर्णय अंतिम," थोरलीनं वाचलं.

"आणि अध्यक्षांशीच वाजलं तर?" बेकरीवाली म्हणाली.

हशा पिकला. थोरलीलाही हसावं लागलं. कलम बदललं: तक्रार लेखी द्यायची, वादातल्या कुणीही निवाड्याला बसायचं नाही, तीन सभासदांनी दोन्ही बाजू ऐकायच्या, निर्णय पटला नाही तर सर्वसाधारण सभेकडे अपील. घटना एकमतानं मंजूर झाली.

निवडणुकीत बेकरीवालीनं अध्यक्षपदासाठी धाकटीचं नाव सुचवलं. "नको, ताई आहेत ना," म्हणत धाकटीनं नाव मागे घेतलं. थोरली बिनविरोध निवडून आली. टाळ्या वाजल्या, पण तिला त्या कुणीतरी उष्ट्या करून दिल्यासारख्या वाटल्या.

स्पर्धेची टीम निवडायची वेळ आली तेव्हा अध्यक्ष या नात्यानं तिनं धाकटीचं नाव राखीव खेळाडूंतही घातलं नाही. घरी धाकटी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सचिवबाईंच्या हातात तक्रार होती, चार ओळींची, एकही वाकडा शब्द नसलेली.

सुनावणीला बेकरीवाली, निवृत्त शाळामास्तरीण आणि रिक्षावाली बसल्या. जागा थोरलीच्याच पार्लरची, पण आधी धाकटीला आत बोलावलं. थोरली बाहेर पायरीवर. आतून कुणाचं तरी हसू ऐकू आलं. आपल्याच दारात आपण परकी, आणि ती आत हसवतेय सगळ्यांना! तिनं पदराचं टोक चुरगाळलं.

मग तिला आत घेऊन धाकटीसमोर बसवलं.

"अध्यक्षबाई, हिला का वगळलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"सरावाला उशिरा येते."

"हजेरीत तर सगळ्यांत आधी तीच दिसते."

थोरली आरशात बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "ती आली की मी कुणाला दिसत नाही. बास? हेच कारण आहे."

धाकटीनं मान खाली घातली.

तिघींनी आपसांत बोलून निर्णय लिहिला: धाकटीला टीममध्ये घ्यावं, आणि निवड एकीनं न करता तिघींनी करावी, असा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव रीतसर नोटीस देऊन सभेपुढे ठेवावा. "पटलं नसेल तर अपील करा," रिक्षावाली म्हणाली, "तो तुमचा हक्क आहे."

"नाही करत," थोरली म्हणाली.

सगळ्या गेल्यावर धाकटी दारात थांबली. "ताई, बरोबर निघू या?"

"तू हो पुढे."

धाकटी गेली नाही. "तुम्ही जमवलेल्याच बायका आहेत त्या. मी आयत्या टीमवर आले."

"गोड बोलू नकोस. मला अजून राग आहे."

"असू दे की."

थोरलीनं दिवे मालवले, शटर ओढलं. एक बाजू अडकली. धाकटीनं न सांगता दुसरीकडून जोर लावला. थोरलीनं तिला थांबवलं नाही. रस्ताभर दोघी बरोबरच चालल्या.